दुकानासाठी घेतलेला लॅपटॉप: खर्चात टाकायचा की मालमत्तेत?

लहान दुकानाचे वर्षअखेरचे हिशेब लिहिताना एक प्रश्न हटकून उभा राहतो. वर्षभरात बिले करण्यासाठी आणि मालाची नोंद ठेवण्यासाठी एक लॅपटॉप घेतलेला असतो, त्याचे पैसे केव्हाच देऊन झालेले असतात, आणि हिशेब लिहिणारी व्यक्ती विचारते, "हा कुठे टाकू?" दुकानदाराला हा प्रश्नच मुळात विचित्र वाटतो, कारण त्याच्या दृष्टीने पैसे गेले म्हणजे खर्च झाला. वीजबिलाचे पैसे गेले तो खर्च, मग लॅपटॉपचे पैसे गेले तो खर्च का नाही? या साध्या शंकेचे उत्तर द्यायला हिशेबशास्त्राला बराच विचार करावा लागला आहे, आणि ते उत्तर लॅपटॉपच्या बाबतीत इतर वस्तूंपेक्षा थोडे अधिक निसरडे आहे.

## पैसे गेले, पण उपयोग संपला का?

हिशेबाच्या भाषेत खर्चाच्या दोन जाती आहेत. ज्या खर्चाचा लाभ चालू वर्षातच संपून जातो, तो महसुली खर्च. दुकानाचे भाडे, वीज, पगार, कागद, शाई हे सगळे त्यात येतात. ज्या खर्चातून एकाहून अधिक वर्षे उपयोगी पडणारी वस्तू किंवा हक्क हाती येतो, तो भांडवली खर्च, आणि जी वस्तू हाती येते ती मालमत्ता. महसुली खर्च त्याच वर्षाच्या नफ्यातून पूर्ण वजा होतो. मालमत्ता मात्र ताळेबंदात बसते आणि तिची किंमत थोडीथोडी करून पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा होत जाते. या दरवर्षीच्या वजावटीला घसारा म्हणतात.

वर्षभराच्या धान्याची आणि ते ज्या कणगीत भरले त्या कणगीची तुलना केली तर फरक चटकन ध्यानात येतो. दोन्हींचे पैसे एकाच दिवशी दिले असतील, पण वर्ष संपता धान्य संपलेले असते आणि कणगी उभी असते. पुढच्या वर्षीच्या धान्यालाही तीच कणगी लागणार असल्याने तिची सगळी किंमत एकाच वर्षाच्या माथी मारणे योग्य नाही. लॅपटॉप ही दुकानाची कणगी आहे, फक्त ती लवकर जुनी होणारी आहे.

ही भेदरेषा न्यायालयांनीही आखून पाहिली आहे. 1910 साली स्कॉटलंडमधील न्यायालयापुढे एका रबर मळ्याचा करविषयक खटला आला असता लॉर्ड ड्युनेडिन यांनी ढोबळ कसोटी सांगितली की, एकदाच कायमचा होतो तो भांडवली खर्च आणि दरवर्षी पुन्हा येतो तो महसुली. पुढे 1926 साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठापुढील एका खटल्यात व्हायकाउंट केव्ह यांनी व्यवसायाला टिकाऊ लाभ देणारी मालमत्ता किंवा सोय निर्माण होते का, हा प्रश्न मध्यभागी आणला. लॅपटॉपला पहिली कसोटी लावली की ती लगेच डळमळते, कारण लॅपटॉप दरवर्षी घ्यावा लागत नाही हे खरे, पण तो एकदाच कायमचाही नसतो. दर चार-पाच वर्षांनी तो पुन्हा घ्यावा लागतोच. म्हणून लॅपटॉपपुरती दुसरी कसोटी अधिक उपयोगी आहे. खर्च किती वेळा येतो हे न पाहता, एकदा केलेल्या खर्चाचा लाभ वर्षाची सीमा ओलांडतो का, हे पाहावे. स्थिर मालमत्तेसाठीचे आंतरराष्ट्रीय लेखामानक, ज्याचा क्रमांक 16 आहे, तेही याच दिशेने जाते: वस्तू व्यवसायात वापरण्यासाठी असावी आणि एकाहून अधिक हिशेबी कालावधींत वापरली जाण्याची अपेक्षा असावी.

यातील पहिली अट लोक विसरतात. तोच लॅपटॉप विक्रीसाठी दुकानात ठेवला असेल तर तो कितीही वर्षे टिकणारा असला तरी मालमत्तेच्या या वर्गात येत नाही, तो विक्रीचा माल ठरतो. तोच दुकानाच्या पैशाने घेऊन मुलाला अभ्यासासाठी दिला असेल, तर तो दुकानाचा खर्चही नाही आणि दुकानाची मालमत्ताही नाही. ती मालकाने स्वतःसाठी केलेली उचल आहे. यंत्र तेच असले तरी ते कशासाठी घेतले यावरून त्याचा हिशेबातला पत्ता ठरतो.

## एक बिल उलगडून पाहू

समजा, एका दुकानाने वर्षाच्या बरोबर मध्यावर, म्हणजे सहा महिने उरले असताना, लॅपटॉप घेतला आणि एकूण 57,500 दिले. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, चलन कोणतेही धरावे. बिलात पाच ओळी आहेत: लॅपटॉप 46,500, तो बसवून त्यात जुनी माहिती भरून देण्याचे 1,500, बिले करण्याच्या सॉफ्टवेअरचे बारा महिन्यांचे शुल्क 6,000, नोकराला ते सॉफ्टवेअर शिकवण्याचे 2,000, आणि माउस व पिशवी मिळून 1,500.

पुष्कळ ठिकाणी ही 57,500 ची रक्कम जशीच्या तशी 'लॅपटॉप' या नावाखाली चढवली जाते, आणि पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ इथेच असते. बिल एक असले तरी त्यात पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचे आयुष्य वेगळे आहे.

लॅपटॉपचे 46,500 मालमत्तेत जातात. बसवण्याचे 1,500 सुद्धा त्याच्याच किमतीत मिळतात, कारण ते दिल्याशिवाय यंत्र कामाला लागलेच नसते. वस्तू वापरायोग्य जागी आणि स्थितीत आणण्यासाठी जे काही द्यावे लागते, ते वस्तूच्या किमतीचाच भाग असते, मग ती वाहतूक असो वा जोडणी. अशा रीतीने मालमत्तेची किंमत 48,000 होते. खरेदीवर भरलेला कर पुढे परत मिळणार असेल किंवा देय करातून वळता होणार असेल, तर तो या किमतीत धरायचा नाही. परत मिळणार नसेल तर धरायचा.

नोकराला शिकवण्याचे 2,000 मात्र किमतीत धरता येत नाहीत, आणि हे बऱ्याच जणांना पटत नाही. शिकलेले तर अनेक वर्षे उपयोगी पडणार, मग तो टिकाऊ लाभ का नाही? त्याचे कारण असे की शिकलेला नोकर उद्या दुकान सोडून जाऊ शकतो, आणि त्याचे कौशल्य दुकानाच्या ताब्यात नसते. ज्यावर आपला ताबा नाही ते आपल्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून लिहिता येत नाही. म्हणून हा त्याच वर्षाचा महसुली खर्च.

सॉफ्टवेअरचे 6,000 हे बारा महिन्यांचे शुल्क आहे. वर्ष संपताना त्यातले सहाच महिने उलटलेले असतील, तेव्हा 3,000 यंदाचा खर्च आणि उरलेले 3,000 आगाऊ दिलेला खर्च म्हणून पुढच्या वर्षाकडे न्यायचे. ही स्थिर मालमत्ता नव्हे आणि तिला घसाराही नाही. माउस आणि पिशवी यांचे 1,500 राहिले. ते थेट खर्चात टाकावेत, आणि ते का, हे पुढे येईल.

नोंदीच्या भाषेत सांगायचे तर लॅपटॉप खाते 48,000 ने नावे, प्रशिक्षण खर्च 2,000 ने नावे, सॉफ्टवेअर शुल्क 3,000 ने नावे, आगाऊ दिलेला खर्च 3,000 ने नावे, किरकोळ साहित्य 1,500 ने नावे, आणि बँक खाते 57,500 ने जमा.

## शेवटी बेरीज तीच, मग एवढा खटाटोप कशाला?

ही सर्वांत रास्त शंका आहे, कारण बेरीज खरोखरच तीच येते. समजा लॅपटॉप चार वर्षे चालेल आणि त्यानंतर तो 8,000 ला जाईल असा आपला अंदाज आहे. म्हणजे वापरात झिजणारी रक्कम 40,000, आणि दर वर्षाचा घसारा 10,000. पहिल्या वर्षी सहाच महिने वापर झाला, म्हणून 5,000. मग तीन वर्षे दहा-दहा हजार. आणि पाचव्या वर्षातल्या सहा महिन्यांचे 5,000. याउलट सगळे 48,000 पहिल्याच वर्षी खर्चात टाकले, तर पाचव्या वर्षी विक्रीचे 8,000 उत्पन्न म्हणून दिसतील. दोन्ही वाटांनी निव्वळ भार 40,000 च पडतो.

फरक पडतो तो मधल्या वर्षांच्या चित्रात. या लॅपटॉपचा विचार न करता दुकानाचा नफा दरवर्षी 1,20,000 असतो असे धरू. पूर्ण किंमत खर्चात टाकल्यास पहिल्या वर्षी नफा 72,000 दिसेल आणि दुसऱ्या वर्षी 1,20,000. कागद पाहणाऱ्याला वाटेल की धंदा एका वर्षात दोन-तृतीयांशाने वाढला, आणि प्रत्यक्षात गल्ल्यावर एक गिऱ्हाईकही वाढलेले नाही. मालमत्तेत धरल्यास तेच आकडे 1,15,000 आणि 1,10,000 असे येतात, आणि दुकान होते तिथेच आहे हे खरे चित्र दिसते. मालक या आकड्यांवरून भाव ठरवणार असेल, भागीदार वाटणी करणार असतील किंवा बँक कर्जाचा विचार करणार असेल, तर ही मधली वर्षेच महत्त्वाची असतात. वर्षाच्या मध्यावर नवा भागीदार येऊन जुना बाहेर पडत असेल तर पुढे बेरीज जुळेल हे समाधान जुन्याच्या कामाचे नाही.

## मग टेबलावरचा कॅल्क्युलेटरही मालमत्ता का नाही?

तो दहा वर्षे चालतो, तेव्हा केवळ आयुष्याची कसोटी लावली तर तोही मालमत्ता ठरेल. स्टेपलर आणि केराची टोपलीसुद्धा ठरेल. तरीही त्यांचा घसारा कोणी काढत बसत नाही. इथे दुसरे तत्त्व कामाला येते, ते म्हणजे रकमेचे महत्त्व. ज्या रकमेची नोंद इकडची तिकडे झाल्याने हिशेब वाचणाऱ्याच्या निर्णयात काही फरक पडणार नाही, तिच्यासाठी काटेकोर वाट धरण्याची गरज नसते. पिशवीवर दरवर्षी घसारा लिहिण्याचे श्रम पिशवीपेक्षा महाग पडतात.

म्हणून दुकानाने एक मर्यादा ठरवून ठेवावी. तिच्याखालच्या वस्तू टिकाऊ असल्या तरी खर्चात जातील आणि तिच्यावरच्या मालमत्तेत जातील. उदाहरणातल्या दुकानासाठी ती 5,000 ठेवली तर माउस-पिशवी आपोआप खर्चात जाते आणि लॅपटॉप आपोआप मालमत्तेत राहतो. किती मर्यादा योग्य, याचे एक उत्तर नाही. ज्या दुकानाचा नफा 1,20,000 आहे त्याला 48,000 म्हणजे वर्षाच्या कमाईचा 40 टक्के हिस्सा आहे. ज्याचा नफा याच्या शंभरपट आहे त्याने तोच लॅपटॉप थेट खर्चात टाकला तर त्याच्या हिशेबाचे चित्र जराही हलणार नाही. त्यामुळे लॅपटॉप नेहमी मालमत्ताच, हे छातीठोकपणे सांगणाऱ्यावरही फार विसंबू नये.

मर्यादेबाबत दोन पळवाटा मात्र ओळखून असाव्यात. एक म्हणजे वर्ष पाहून मर्यादा बदलणे: नफा जास्त झाला त्या वर्षी लॅपटॉप खर्चात आणि कमी झाला त्या वर्षी मालमत्तेत. दुसरी म्हणजे एका वस्तूचे तुकडे करणे. एकत्र जोडल्याशिवाय चालत नाहीत असे भाग वेगवेगळ्या बिलांवर घेतले म्हणून ते वेगवेगळे होत नाहीत. हे टाळण्याचा साधा उपाय म्हणजे मर्यादा वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवणे आणि खरेदी झाल्यावर तिला हात न लावणे.

## हप्त्याने घेतला असेल तर?

दर महिन्याला हप्ता जातो, म्हणून तो हप्ता म्हणजेच खर्च, असा समज फार पसरलेला आहे. वास्तविक पैसे कसे दिले याचा वस्तूच्या स्वरूपाशी संबंध नाही. लॅपटॉप ताब्यात आला त्या दिवशी 48,000 ची मालमत्ता आली आणि तेवढेच देणे आले. पुढे हप्त्यातला मुद्दलाचा भाग ते देणे कमी करतो आणि व्याजाचा भाग त्या त्या काळाचा महसुली खर्च होतो.

इथली चूक दुहेरी असते. हप्ता पूर्ण खर्चात टाकला जातो आणि वर घसाराही काढला जातो, म्हणजे एकच लॅपटॉप नफ्यातून दोनदा वजा होतो. ती पकडायची असेल तर ताळेबंदातील कर्जाची शिल्लक कर्ज देणाऱ्याच्या उताऱ्याशी ताडून पाहावी. हप्ते भरूनही कर्ज मूळ आकड्यावरच अडकून बसले असेल तर मुद्दल खर्चात गेलेले आहे.

## बाजारात तर तो वर्षभरात निम्म्या भावाचा होतो

हे अनेकदा खरे असते, पण घसारा म्हणजे बाजारभावाचे मोजमाप नव्हे. दुकानदार लॅपटॉप विकण्यासाठी नव्हे तर वापरण्यासाठी ठेवतो, म्हणून त्याची किंमत वापराच्या वर्षांवर वाटून देणे एवढेच घसाऱ्याचे काम असते. वर्षअखेर ताळेबंदात 43,000 दिसत असतील तर आज तेवढे कोणी देईल असा त्याचा अर्थ होत नाही. तेवढ्या किमतीचा वापर अजून व्हायचा आहे, असा होतो. सुरुवातीच्या वर्षांत वापर खरोखरच जास्त होत असेल तर घटत्या शिलकेवर घसारा काढण्याची पद्धत घेता येते, ज्यात आधी मोठी आणि पुढे लहान होत जाणारी रक्कम वजा होते.

वापराची वर्षेही यंत्राची नव्हे तर दुकानाची मोजायची असतात. यंत्र आठ वर्षे चालू राहू शकेल, पण बिलांचे सॉफ्टवेअर चौथ्या वर्षी त्यावर चालेनासे होणार असेल, तर आयुष्य चार वर्षेच. जुना लॅपटॉप विकत घेतला असेल तेव्हाही हाच नियम लागतो: पहिल्या मालकाकडे तो किती वर्षे होता हे न पाहता आपल्याकडे तो किती वर्षे कामाचा राहील, ते पाहायचे.

## दुरुस्ती आणि सुधारणा

दुसऱ्या वर्षी लॅपटॉप पडून पडदा फुटला आणि नवा बसवायला 7,000 लागले. रक्कम मर्यादेपेक्षा मोठी आहे, तरी हा महसुली खर्चच, कारण त्यातून यंत्र पूर्वीच्या स्थितीला परत आले, पुढे गेले नाही. थकलेली बॅटरी बदलण्याचेही तसेच. तिसऱ्या वर्षी मात्र 6,000 खर्चून स्मृती वाढवली आणि वेगवान डिस्क बसवली, त्यामुळे चार वर्षांत टाकून द्यावा लागणारा लॅपटॉप सहा वर्षे चालेल अशी खात्रीची अपेक्षा असेल, तर तो खर्च मालमत्तेच्या किमतीत मिळवायचा आणि उरलेल्या वर्षांवर वाटायचा.

पेच पडतो तो एकाच सुट्या भागाच्या बाबतीत. डिस्क बिघडली म्हणून तेवढ्याच क्षमतेची दुसरी बसवली तर दुरुस्ती, आणि चालू असलेली डिस्क काढून मोठी व वेगवान बसवली तर सुधारणा. बिलावर दोन्ही वेळा फक्त 'डिस्क' एवढेच लिहिलेले असते, आणि सहा महिन्यांनी हिशेब लिहिणाऱ्याला त्यातून काहीच उलगडत नाही. बिलाच्या कोपऱ्यात भाग का बदलला हे एका ओळीत त्याच दिवशी लिहून ठेवले तर वर्षअखेरची अर्धी डोकेदुखी वाचते.

## कराचा हिशेब वेगळा का येतो?

दुकानाची वही आणि कराचे विवरणपत्र यांची उत्तरे वेगळी आली म्हणजे एक चुकलेच, असे नाही. कर कायदे आपापल्या हेतूने नियम करतात. भारतात आयकरासाठी संगणकावर 40 टक्के दराने घसारा मिळतो आणि घेतलेल्या वर्षी वापर 180 दिवसांपेक्षा कमी झाला असेल तर निम्म्या दराने. अमेरिकेत लेखापरीक्षित पत्रके नसलेल्या लहान व्यावसायिकाला 2,500 डॉलरपर्यंतची वस्तू करापुरती थेट खर्चात टाकण्याची मुभा आहे, पण त्यासाठी तशी पद्धत वर्षाच्या सुरुवातीपासून अमलात असावी लागते आणि त्याच्या स्वतःच्या वहीतही ती वस्तू खर्चातच असावी लागते. म्हणजे एका देशात तोच लॅपटॉप पहिल्याच वर्षी पूर्ण वजा होईल आणि दुसऱ्या देशात अनेक वर्षे रेंगाळेल. कराचा नियम आपल्या वहीवर डोळे मिटून उतरवू नये. दोन्ही आकडे वेगळे ठेवून फरकाचा एक तक्ता जोडावा.

## लॅपटॉप गेला, नोंद राहिली

मालमत्ता म्हणून लिहिलेल्या वस्तूला वहीतून बाहेर काढावेही लागते, आणि लहान दुकानांत नेमके हेच राहून जाते. मी पाहिलेल्या एका यादीत तीन लॅपटॉप होते आणि गल्ल्यावर एक; उरलेले दोन केव्हा मोडीत गेले हे कोणालाच आठवत नव्हते, पण त्यांचा घसारा इमानेइतबारे निघत होता. वर्षातून एकदा यादी हातात घेऊन प्रत्येक यंत्र डोळ्यांनी पाहणे आणि त्याचा अनुक्रमांक जुळवणे एवढे केले तरी हे लक्षात येते.

आपल्या उदाहरणातला लॅपटॉप सुधारणा न करता बरोबर तीन वर्षांनी 11,000 ला विकला असे समजू. तोवर 30,000 घसारा निघालेला असेल, म्हणून वहीतील किंमत 18,000 राहील. विक्रीतून 11,000 आले, तेव्हा 7,000 चा तोटा त्या वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात दाखवायचा आणि लॅपटॉपचे खाते व त्याचा साठलेला घसारा दोन्ही शून्यावर आणायचे. हे 7,000 म्हणजे विक्रीत झालेली फसवणूक नव्हे. चार वर्षे चालेल आणि शेवटी 8,000 येतील, हा आपलाच अंदाज थोडा सैल होता, त्याची ती दुरुस्ती आहे. दुकान एरवीही तीन वर्षांनीच यंत्र बदलत असेल, तर पुढच्या लॅपटॉपची किंमत चारऐवजी तीन वर्षांवर वाटायची.